१५ लाखांचा विमा, तरी २ लाख ८५ हजार खिशातून

हे प्रकरण साताऱ्याजवळच्या एका कुटुंबाचे आहे. नावे बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. रकमा मात्र हिशेब नीट दिसावा म्हणून फक्त हजाराच्या पटीत आणल्या आहेत. मी काही वर्षे टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने हॉस्पिटलची बिले तपासणाऱ्या संस्थेत, क्लेम बघत होतो. त्यामुळे ओळखीतले लोक कागद घेऊन येतात. सुहास असाच आला. पहिल्या वेळी तो पैसे भरून झाल्यावरच आला, पण दोन्ही वेळचे कागद त्याने जपून ठेवले होते. म्हणून हे लिहिता आले.

## पार्श्वभूमी

सुहासचे वडील आप्पा हे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. एप्रिल २०१८मध्ये, वयाच्या ६१व्या वर्षी, सुहासने त्यांच्यासाठी दोन पॉलिसी एकाच दिवशी, एकाच कंपनीकडून घेतल्या.

पहिली मूळ पॉलिसी ५ लाखांची. तिला २० टक्के को-पे होता. क्लेमची जी रक्कम कंपनी मान्य करील तिच्यातला पाचवा हिस्सा आप्पांनी भरायचा आणि उरलेला कंपनीने, असा त्याचा अर्थ. को-पे नसलेली पॉलिसी वर्षाला साधारण साडेतीन हजारांनी महाग पडत होती, म्हणून सुहासने ही घेतली.

दुसरी पॉलिसी १० लाखांची टॉप-अप. तिचे डिडक्टिबल ५ लाखांचे. पहिल्या ५ लाखांशी या पॉलिसीचा संबंध नाही, त्यापुढचे आम्ही बघू, असा तिचा करार. मूळ पॉलिसी ५ लाखांपर्यंत आणि तिथून पुढे टॉप-अप, म्हणजे एकावर एक दोन मजले, असे चित्र सुहासच्या डोक्यात होते. घरात सगळे "आप्पांचा १५ लाखांचा विमा आहे" असेच म्हणत.

टॉप-अप ऑनलाइन घेताना त्याच पानावर शेजारी "सुपर टॉप-अप" असाही पर्याय होता. विमा रक्कम तीच, डिडक्टिबलही तेच, हप्ता हजार-बाराशेने जास्त. सुहास म्हणाला, "मला वाटलं 'सुपर' म्हणजे हेल्थ चेकअप वगैरे काहीतरी जास्तीचं असेल. ते आप्पांना नको होतं." या प्रकरणातला सगळ्यात महाग पडलेला निर्णय हा होता, आणि तो घेताना निर्णय घेतोय हेसुद्धा त्याच्या लक्षात आले नव्हते.

## पहिली वेळ: जून २०२३

आप्पांच्या छातीत दुखू लागले. पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. खोली दोघांत एक अशी घेतली होती आणि तिचे भाडे पॉलिसीच्या मर्यादेत बसत होते. त्यामुळे खोलीभाड्याच्या प्रमाणात इतर खर्च कापण्याची भानगड या प्रकरणात नाही.

बिल झाले ४,२०,००० रुपये. त्यातले २०,००० विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे: हातमोजे, नोंदणी शुल्क, सोबतच्या माणसाचे जेवण आणि तसलेच काही. उरलेले ४,००,००० कंपनीने ग्राह्य धरले. को-पे या ग्राह्य रकमेवर लागतो, एकूण बिलावर नाही. ४ लाखांचे २० टक्के म्हणजे ८०,००० आप्पांचे आणि ३,२०,००० कंपनीचे. वगळलेले २०,००० धरून सुहासने डिस्चार्जच्या काउंटरवर १ लाख रुपये भरले.

पैसे भरून झाल्यावर तो माझ्याकडे आला. त्याचा प्रश्न असा: "दादा, हे १ लाख टॉप-अपमधून मिळतील ना? मूळ पॉलिसीने दिले नाहीत ते टॉप-अप देते, असंच ना?"

टॉप-अप आधीच्या पॉलिसीने काय दिले नाही हे बघत नाही. ग्राह्य खर्च तिच्या डिडक्टिबलच्या रेषेपलीकडे गेला का, एवढेच बघते. इथे खर्च ४ लाख आणि रेषा ५ लाखांवर. रेषेच्या अलीकडचा खर्च कोणी भरला, मूळ पॉलिसीने की घरच्यांनी, याच्याशी तिला देणेघेणे नसते. म्हणून पहिल्या वेळी टॉप-अपमधून काही मिळण्यासारखे नव्हते, आणि हा कंपनीचा अन्यायही नव्हता.

त्या दिवशी एक चांगली गोष्ट कागदावर लिहून ठेवली. हॉस्पिटलच्या विमा डेस्कने सुहासला सांगितले होते की ४ लाखांचा क्लेम झाला, म्हणजे वर्षासाठी आता १ लाख उरले. ते चूक होते. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, को-पेची जी व्याख्या सगळ्या कंपन्यांना ठरवून दिली आहे तिच्यातच लिहिले आहे की को-पेमुळे विमा रक्कम कमी होत नाही. विमा रकमेतून वजा होते ते कंपनीने खरोखर दिलेले. कंपनीने ३,२०,००० दिले होते, म्हणून शिल्लक १,८०,००० होती. ही १,८०,००० पुढे कामी आली.

## जुलैमध्ये समोर असलेले मार्ग

पॉलिसीचे कागद उघडले तेव्हा खरी अडचण दिसली. टॉप-अपच्या मजकुरात डिडक्टिबल "प्रत्येक क्लेमसाठी" असे लिहिले होते. डिडक्टिबल प्रत्येक क्लेमला लागते की वर्षभराच्या सगळ्या क्लेमना मिळून एकदाच, हे कंपनीने स्पष्ट लिहावेच लागते, आणि या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साध्या टॉप-अपमध्ये रेषा दर वेळी नव्याने सुरू होते. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातल्या ग्राह्य खर्चांची बेरीज होत जाते आणि ती रेषा ओलांडली की पुढचे सगळे त्या पॉलिसीचे.

आप्पांसारख्या रुग्णाला एकाच वेळी ५ लाखांवर बिल येण्यापेक्षा वर्षात दोनदा तीन-चार लाखांचे येण्याची शक्यता जास्त. साधी टॉप-अप नेमकी तिथे गप्प बसते.

सुहासला लगेच सुपर टॉप-अप घ्यायची होती. मी त्याला थांबवले. ते बरोबर होते का, हा प्रश्न नोव्हेंबरनंतर मी स्वतःला पुन्हा विचारला. माझी कारणे दोन होती. एक, नवीन पॉलिसी जुलैमध्ये घेतली तर तिचे वर्ष जुलैपासून सुरू होणार. जूनचे ४ लाख तिच्या बेरजेत येणार नाहीत. सुपर टॉप-अप स्वतःच्या पॉलिसी-वर्षात झालेलाच खर्च मोजते. मूळ पॉलिसीचे वर्ष एप्रिल ते एप्रिल आणि सुपर टॉप-अपचे जुलै ते जुलै असे झाले, तर एकाच घरचा खर्च दोन वेगवेगळ्या वर्षांत विभागला जातो आणि बेरीज रेषेपर्यंत पोचतच नाही. दुसरे, नुकतेच स्टेंट बसलेल्या माणसाला नव्या कंपनीत हृदयविकार आधीपासूनचा आजार म्हणून धरला जाणार आणि त्यासाठी पुन्हा काही वर्षे थांबावे लागणार. त्याच कंपनीत नूतनीकरणाच्या वेळी साध्या टॉप-अपमधून सुपरमध्ये जाण्याची विनंती केली, तर आधी काढलेल्या वर्षांचा हिशेब धरला जातो. म्हणून एप्रिलपर्यंत थांबायचे ठरले.

मूळ पॉलिसीचा को-पे काढून टाकता येईल का, हेही त्याने कंपनीला विचारले. वर्षाच्या मध्ये ते होणार नव्हते.

## दुसरी वेळ: नोव्हेंबर २०२३

दिवाळीच्या आधी घर धुताना आप्पा ओल्या फरशीवरून घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. पुण्यातच शस्त्रक्रिया झाली, सांधा बदलावा लागला. ठरवून केलेल्या सांधेरोपणाला सुरुवातीची काही वर्षे संरक्षण नसते, पण अपघाताने करावे लागले तर ती अट लागत नाही. शिवाय पॉलिसीला साडेपाच वर्षे झाली होती. क्लेम मंजूर होणार यात शंका नव्हती. प्रश्न फक्त रकमेचा होता.

बिल ३,६५,०००. वगळलेल्या वस्तू १५,०००. ग्राह्य रक्कम ३,५०,०००.

सुहासने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो दोन्ही बिले एकत्र करता येतील का, हा. जूनचे ४ लाख आणि आताचे साडेतीन मिळून साडेसात होतात, रेषा ओलांडली जाते, मग साधी टॉप-अपही द्यायला बांधील नाही का? प्रश्न चुकीचा नव्हता. पॉलिसीत "एक आजार" याची व्याख्या असते. त्याच आजाराने शेवटच्या सल्ल्यापासून ४५ दिवसांच्या आत पुन्हा उचल खाल्ली तर दोन्ही वेळा मिळून एकच आजार समजला जातो. अँजिओप्लास्टीनंतर महिनाभरात हृदयासाठीच पुन्हा दाखल व्हावे लागले असते, तर हा मुद्दा लढवता आला असता. इथे मध्ये पाच महिने गेले होते आणि खुब्याचा हृदयाशी संबंध नव्हता. साडेतीन लाख हा स्वतंत्र क्लेम. तो ५ लाखांच्या रेषेखाली. टॉप-अप दुसऱ्यांदाही शून्य.

राहिली मूळ पॉलिसी. तिच्यात १,८०,००० शिल्लक होते. डिस्चार्जच्या दिवशी टीपीएचे पत्र आले ते १,४४,००० रुपयांच्या मंजुरीचे.

## ३६ हजारांचा प्रश्न

१,४४,००० हा आकडा आला कुठून, हे समजायला फार वेळ लागला नाही. १,८०,००० मधून २० टक्के वजा केले की तो येतो. टीपीएने आधी ग्राह्य रक्कम शिलकीएवढी खाली आणली आणि मग तिच्यावर को-पे लावला.

उलट क्रमाने करून बघा. ग्राह्य रक्कम ३,५०,०००. तिच्यावर २० टक्के को-पे, म्हणजे आप्पांचे ७०,००० आणि कंपनीचे २,८०,०००. आता कंपनीकडे शिल्लक किती? १,८०,०००. मग कंपनीने पूर्ण १,८०,००० द्यायचे. दोन्ही वेळा आकडे तेच आणि टक्केवारी तीच. फक्त आधी काय आणि नंतर काय यात ३६,००० रुपयांचा फरक पडला.

मी टीपीएत होतो तेव्हा या क्रमावर वाद झालेले पाहिले आहेत. त्याचे उत्तर सर्वसाधारण नियमात शोधू नये, त्या पॉलिसीच्या मजकुरात शोधावे. बऱ्याच पॉलिसींत क्लेमची रक्कम कोणत्या पायऱ्यांनी काढायची हे क्रमाने दिलेले असते: आधी उपमर्यादा, मग डिडक्टिबल, मग को-पे, वगैरे. डिडक्टिबल आणि को-पे दोन्ही असलेल्या पॉलिसीतही हाच खेळ होतो. ४ लाखांतून आधी १ लाखाचे डिडक्टिबल वजा करून मग २० टक्के को-पे लावला तर कंपनी २,४०,००० देते. आधी को-पे लावून मग डिडक्टिबल काढले तर २,२०,०००. म्हणून "को-पे किती" एवढे विचारून भागत नाही. "कशावर आणि कितव्या पायरीला" हेही विचारावे लागते.

आप्पांच्या पॉलिसीत वाक्य असे होते की विमाधारकाने प्रत्येक क्लेमच्या ग्राह्य रकमेच्या २० टक्के सोसायचे, आणि त्यानंतर कंपनीची जबाबदारी शिल्लक विमा रकमेपर्यंत राहील. "त्यानंतर" हा शब्द आमच्या बाजूने होता. तो नसता तर मी सुहासला भांडायला सांगितले असतेच असे नाही.

## काय केले

डिस्चार्ज अडवून वाद घालायचा नाही, हे आधी ठरवले. आप्पा वॉकरवर होते, घरी जायला उतावीळ झाले होते, आणि काउंटरवरच्या मुलीच्या हातात यातले काहीच नव्हते. सुहासने २,२१,००० भरले आणि बाहेर पडण्यापूर्वी तीन कागद मागून घेतले: तपशीलवार अंतिम बिल, मंजुरीचे अंतिम पत्र आणि कपातीचा तक्ता. तक्ता हॉस्पिटल आपणहून देत नाही, मागावा लागतो. त्यात वगळलेले १५,००० एका ओळीत होते आणि बाकीची सगळी कपात "शिल्लक विमा रक्कम व को-पे" अशा एकाच ओळीत घुसवली होती.

मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला एक पानी ईमेल लिहिला. त्यात रागाचे काही नव्हते. पॉलिसीतले कलम क्रमांकासह उतरवले, त्याखाली चार ओळींत हिशेब मांडला आणि शेवटी ३६,०००चा फरक देण्याची विनंती केली. सुहासच्या पहिल्या मसुद्यात टॉप-अपने फसवल्याचे दोन परिच्छेद होते. ते मी काढायला लावले. टॉप-अपबाबत कंपनी करारानुसार बरोबर होती. एकाच पत्रात चुकीची आणि खरी मागणी एकत्र केली, की उत्तर देणारा चुकीच्या मागणीला उत्तर देऊन मोकळा होतो.

कंपनीने नाकारले असते तर पुढे नियामकाचे बीमा भरोसा पोर्टल आणि त्यापुढे पुण्यातले विमा लोकपाल कार्यालय हे मार्ग होते. लोकपालाकडे फी नसते आणि वकीलही लागत नाही. तिथवर जावे लागले नाही. दोन आठवड्यांच्या आत उत्तर आले, "पुनर्गणना केली आहे" एवढेच, आणि ३६,००० खात्यात जमा झाले.

## वर्षाचा हिशेब

दोन्ही बिले मिळून ७,८५,०००. मूळ पॉलिसीने पहिल्या वेळी ३,२०,००० आणि दुसऱ्या वेळी १,८०,००० दिले, म्हणजे बरोबर ५ लाख. टॉप-अपने शून्य. घरातून गेले २,८५,०००.

घरच्यांचा सगळा राग को-पेवर होता. सूनबाई म्हणाल्या, "वर्षाला साडेतीन हजार वाचवायला गेलो आणि हे होऊन बसलं." हे वरवर पटते, पण आकडे तसे म्हणत नाहीत. को-पे नसता तर काय झाले असते? जूनमध्ये कंपनीने पूर्ण ४ लाख दिले असते. शिल्लक १ लाख. नोव्हेंबरमध्ये ते १ लाख मिळाले असते. एकूण ५ लाखच. को-पेमुळे जूनमध्ये जे ८०,००० मिळाले नाहीत ते विमा रकमेत शिल्लक राहिले आणि नोव्हेंबरमध्ये वापरले गेले. वर्षात मूळ पॉलिसी पुरती संपली तर को-पेचा तोटा उरत नाही, फक्त पैसे उशिरा मिळतात. आप्पा नोव्हेंबरमध्ये घसरले नसते तर मात्र ते ८०,००० खरेच गेले असते.

खरे भगदाड टॉप-अपमध्ये होते. तिच्या जागी एप्रिलपासूनची सुपर टॉप-अप असती तर ४ लाख आणि साडेतीन लाख यांची बेरीज साडेसात झाली असती. ५ लाखांच्या पुढचे अडीच लाख तिच्या हद्दीत आले असते. नोव्हेंबरच्या साडेतीन लाखांपैकी मूळ पॉलिसीचे १,८०,००० वजा करून उरलेले १,७०,००० तिने दिले असते. अडीच लाखांची जागा असली तरी झालेल्या खर्चापेक्षा जास्त कोणी देत नाही. म्हणजे घरातून गेले असते १,१५,०००. बाराशे रुपयांच्या हप्त्याच्या फरकाने १,७०,००० गेले. को-पे डोळ्यांना दिसतो, डिस्चार्जच्या काउंटरवर रोख मागितला जातो, म्हणून तो बोचतो. कामी न आलेली टॉप-अप कुठेच दिसत नाही.

## एप्रिल २०२४चे नूतनीकरण

यावेळी सुहास फेब्रुवारीतच आला. को-पे नसलेल्या दुसऱ्या कंपनीत जाण्याचा पर्याय आम्ही चाचपून पाहिला. ६७ वर्षांचे वय, दोन स्टेंट आणि बदललेला खुबा पाहून एका कंपनीने नकार दिला. दुसरीने विचारणा पुढे नेली, पण तिच्या पॉलिसीतही ज्येष्ठांना को-पे होताच. ते सोडून दिले. त्याच कंपनीकडे टॉप-अपऐवजी सुपर टॉप-अप मागितली. त्यांनी दोन्ही डिस्चार्ज समरी आणि टू-डी इकोचा अहवाल मागवला. सगळे लपवाछपवी न करता दिले. आधीच्या वर्षांचा हिशेब धरून पॉलिसी मिळाली. ती मिळेलच असे नव्हते. कंपनीला नाकारता आले असते.

डिडक्टिबल किती ठेवायचे यावर मात्र आमचे एकमत झाले नाही.

माझे मत ३ लाख ठेवावे असे होते. लोक डिडक्टिबल मूळ पॉलिसीएवढे ठेवतात, कारण दोन मजले एकमेकांना बरोबर टेकावेत असे वाटते. पण मूळ पॉलिसीला को-पे असेल तर खालच्या मजल्याला पहिल्यापासूनच फट असते. डिडक्टिबल खाली आणले की वरची पॉलिसी त्या फटीवर येऊन बसते. समजा ग्राह्य खर्च ४ लाख. मूळ पॉलिसी ३,२०,००० देणार. ३ लाखांच्या डिडक्टिबलची सुपर टॉप-अप १ लाखापर्यंत द्यायला बांधील, आणि उरलेले ८०,००० त्यात बसतात. एका पॉलिसीने न दिलेली रक्कम दुसऱ्या पॉलिसीकडे मागण्याचा हक्क विमाधारकाला आहे. पहिलीची विमा रक्कम संपलेली नसली तरीही. दुसरी पॉलिसी तो क्लेम स्वतःच्या अटींनुसार तपासते. म्हणून सुपर टॉप-अपला स्वतःचा को-पे आहे का हे आधी पाहिले. नव्हता. या रचनेत वर्षभरात ग्राह्य खर्चातला आप्पांचा भार ६०,०००च्या वर जात नाही, म्हणजे ३ लाखांचे २० टक्के. ५ लाखांचे डिडक्टिबल ठेवले तर हीच कमाल १ लाख होते. विमा रकमा संपेपर्यंतचाच हा हिशेब आहे आणि वगळलेल्या वस्तू त्याच्या बाहेरच राहतात.

सुहासने ५ लाखांचे घेतले. दोन्हींच्या हप्त्यात वर्षाला सहा हजारांवर फरक होता, आणि आप्पांचे वय वाढेल तसा तो वाढत जाणार होता. "१ लाख मी आईच्या आणि माझ्या नावावर एफडीत टाकतो. ते लागले तर लागले," तो म्हणाला. मी आग्रह धरला नाही. कमाल भार किती हे ठाऊक असताना घेतलेला निर्णय होता आणि तो त्याच्या खिशाला झेपणारा होता.

## काय वेगळे करता आले असते

२०१८मध्ये "डिडक्टिबल प्रत्येक क्लेमला की वर्षाला?" एवढा एक प्रश्न विचारला असता तर बहुतेक सगळे टळले असते. तेव्हा त्याचे उत्तर पॉलिसीच्या तीस-चाळीस पानांत शोधावे लागे. जानेवारी २०२४पासून कंपनीला ग्राहक माहितीपत्रक नव्या, ठरलेल्या नमुन्यात द्यावे लागते. त्यात उपमर्यादा, को-पे आणि डिडक्टिबल वेगवेगळ्या ओळींत, कलम क्रमांकासह असतात. सुहासने एप्रिलमध्ये सुपर टॉप-अपचा पूर्ण मजकूर वाचण्याआधी ते पत्रक वाचले आणि एक ओळ न कळल्याने मला फोटो पाठवला. ती डिडक्टिबलचीच ओळ होती. "वार्षिक एकत्रित" असे शब्द होते, ते बरोबर होते.

जुलैमध्ये मी त्याला थांबवले त्याचा हिशेब मी नंतर करून पाहिला. तेव्हा ५ लाख डिडक्टिबलची सुपर टॉप-अप घेतली असती तर नोव्हेंबरचे साडेतीन लाख एकटेच मोजले गेले असते आणि काही मिळाले नसते. ३ लाखांचे डिडक्टिबल घेतले असते तर ५०,००० मिळाले असते, कारण मोडलेल्या हाडाला प्रतीक्षा काळ लागू नव्हता. मी तेव्हा फक्त हृदयाचाच विचार करत होतो. माणूस पडूही शकतो हे माझ्या हिशेबात नव्हते.

एक गोष्ट अजून राहिली आहे. सुहासच्या सासऱ्यांची पॉलिसीही त्याच वेळी, त्याच ऑनलाइन पानावरून घेतलेली आहे. तिचे नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. कागद माझ्या टेबलावर आहेत, आणि त्यातही डिडक्टिबल प्रत्येक क्लेमलाच आहे.